माफीचं पत्र आणि अर्जाचं पत्र

मार्केटिंगच्या इंटर्नशिपसाठी आलेल्या अर्जांत दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याचं पत्र पहिल्या ओळीतच ओळखू येतं. ‘माझी पदवी या विषयातली नसली तरी’ अशी त्याची सुरुवात असते. पुढे ‘मला मार्केटिंगची प्रचंड आवड आहे’, ‘मी पटकन शिकते’, ‘संघभावनेनं काम करते’ आणि शेवटी ‘एक संधी द्यावी ही विनंती’. पत्र इंग्रजीत असतं, पण वळण तेच. असे अर्ज वाचण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे आणि या पत्रांचा दोष मी मुलांना देत नाही. त्यांना तसा नमुना दिला जातो. त्या नमुन्यामागे जी तीन-चार मतं पक्की होऊन बसली आहेत, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

पहिलं मत असं की कव्हर लेटर कोणी वाचतच नाही, तेव्हा काहीतरी लिहून जोडावं. यात अर्धं खरं आहे. मोठ्या कंपन्यांत हजारो अर्ज फॉर्मवरून आणि बायोडेटावरून चाळले जातात, तिथं पत्र न उघडताही निकाल लागू शकतो. पण वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीत मेल थेट मार्केटिंग पाहणाऱ्या माणसाकडे जातो. बी.कॉम. किंवा बी.बी.ए.च्या मुलाचा बायोडेटा त्याच्या मनात काही प्रश्न उभा करत नाही. तिसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुलगी मात्र प्रश्न उभा करते: ही इकडे कशी? या प्रश्नाचं उत्तर बायोडेटात कुठेच नसतं. ते देण्याची जागा पत्रच आहे. म्हणजे ज्यांची पदवी जुळत नाही त्यांनाच पत्राची गरज सगळ्यात जास्त, आणि नेमके तेच ते उरकून टाकतात.

दुसरं मत सांगतं, पदवी झाकावी. शेवटच्या ओळीत बारीक लिहावी, वर ऑनलाइन केलेल्या दोन-तीन कोर्सची प्रमाणपत्रं मांडावीत. याला फार वेळ द्यायला नको. बायोडेटाच्या पहिल्या पानावर पदवी लिहिलेलीच असते, आणि तीच प्रमाणपत्रं बाकीच्या अर्जदारांकडेही असतात.

तिसरं मत जास्त फसवं आहे, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पदवी झाकू नका, तिच्यातून मिळालेली कौशल्यं सांगा, असं ते म्हणतं. मग मुलं लिहितात, ‘माझ्या विषयानं मला बारकाईनं निरीक्षण करायला, विश्लेषण करायला आणि वेळेचं नियोजन करायला शिकवलं.’ या वाक्यातला विषय काढून तिथं संस्कृत, भूगोल किंवा स्थापत्य अभियांत्रिकी घालून पाहा. वाक्य जसंच्या तसं उभं राहतं. कोणत्याही विषयाला चालणारं वाक्य अर्जदाराबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय निरीक्षणशक्ती आहे, हा दावा झाला. वाचणाऱ्यानं तो खरा का मानावा?

चौथं मत मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगणाऱ्यांचं. डेव्हिड ओगिल्वी ऑक्सफर्डमधून पदवी न घेता बाहेर पडला आणि पुढे जाहिरातीच्या जगातलं मोठं नाव झाला, तेव्हा पदवीला काय अर्थ, असा त्यांचा युक्तिवाद. गोष्ट खरी, पण अर्धी. 1948 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःची एजन्सी काढण्याआधी हा माणूस पॅरिसच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबला होता, स्कॉटलंडमध्ये दारोदार हिंडून आगा कंपनीच्या शेगड्या त्यानं विकल्या होत्या आणि त्या विकाव्यात कशा याची पुस्तिका 1935 मध्ये लिहिली होती. पुढे अमेरिकेत गॅलपच्या हाताखाली लोकांच्या मतांची पाहणी करण्याचं कामही केलं. त्याच्या हातात पदवी नव्हती, पण दाखवायला काम होतं. (ओगिल्वीचं नाव पत्रात मात्र घालू नये. वाचणाऱ्यानं ते फार वेळा वाचलेलं असतं.)

मग लिहावं काय? माझं मत असं की जुळत नसलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यानं पत्रात एक, फक्त एक, लहानसं पुरं केलेलं काम मांडावं: त्या कंपनीच्या मालाबद्दलचं, स्वतः पाहिलेलं, आणि त्यातून काय कळलं व काय कळलं नाही हे दोन्ही सांगणारं. पदवीचा उल्लेख त्या कामाच्या ओघात यावा. हे नुसतं तत्त्व म्हणून सोडलं तर तेही तिसऱ्या मताइतकंच पोकळ ठरेल, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेते.

समजा, साताऱ्याची एक मुलगी सूक्ष्मजीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि इडली-डोशाचं तयार पीठ विकणाऱ्या पुण्यातल्या एका लहान कंपनीत अर्ज करते आहे. तिनं घराजवळच्या दुकानदाराची परवानगी घेतली आणि रविवारी संध्याकाळी दोन तास फ्रिजच्या बाजूला उभी राहिली. 40 गिऱ्हाइकांनी पिठाचं पाकीट हातात घेतलं. त्यातल्या 14 जणांनी फुगलेलं पाकीट परत ठेवून चपटं उचललं. दोघी-तिघींनी दुकानदाराला विचारलंही, ‘हे खराब झालंय का हो?’

इथं तिची पदवी आपसूक कामाला येते. इडलीचं पीठ आंबतं ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे. त्यातला ल्यूकोनोस्टॉक हा जिवाणू आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतो. याच वायूनं घरी भांड्यातलं पीठ वर येतं आणि पिशवीत तो कोंडला की पिशवी फुगते. फ्रिजच्या थंडीत ही क्रिया मंदावते, पण पुरती थांबत नाही. म्हणजे पाकीट फुगलेलं दिसलं एवढ्यावरून पीठ वाया गेलं असं ठरत नाही. बी.बी.ए.च्या अर्जदाराला हे वाचून कळेल. हिनं ते प्रयोगशाळेत हातानं केलेलं आहे.

पण इथंच पाय घसरण्याची शक्यताही मोठी. ‘फुगलेलं पीठ उत्तम असतं, असं तुम्ही पाकिटावर छापा’ असा सल्ला तिनं दिला तर पत्र बाद. दुकानाचा फ्रिज रात्री बंद ठेवला असेल तर तेच पाकीट नको इतकं आंबलेलं असू शकतं, आणि नको ते जिवाणू वाढूनही पिशवी फुगू शकते. शिवाय अन्नाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. काय छापता येणार नाही हे ओळखणारं माणूस अन्नपदार्थांच्या मार्केटिंगमध्ये हवंच असतं आणि सहसा सापडत नाही. तिनं लिहायचं ते इतकंच की गिऱ्हाईक फुगवट्याचा अर्थ खराबी असा लावतं आहे आणि यावर काहीतरी समजावणारा मजकूर करून पाहण्यासारखा आहे.

तेही तिनं थोडंसं करून पाहिलं, असं धरू. पुढच्या रविवारी त्याच दुकानात, त्याच वेळी, फ्रिजच्या दारावर हातानं लिहिलेलं कार्ड लावलं: ‘पीठ आंबताना वायू तयार होतो, त्यानं पाकीट फुगू शकतं. वापरण्याची तारीख पाहून घ्या.’ या वेळी 40 पैकी 9 जणांनी फुगलेलं पाकीट परत ठेवलं. चौदाचे नऊ झाले. नमुन्याबरहुकूम पत्र लिहिणारा इथं उडी मारेल आणि ‘माझ्या मोहिमेमुळे नकार 36 टक्क्यांनी घटला’ असं ठळक अक्षरांत लिहील. हेच वाक्य वाचून मी अर्ज बाजूला ठेवते. चाळीस-चाळीस माणसांत इतका फरक कार्डाशिवाय, निव्वळ योगायोगानंही पडू शकतो. मूळ प्रमाण खरंच इतकं बदलत असेल, तर ते बऱ्यापैकी खात्रीनं पकडायला दोन्ही बाजूंना दोनशेच्या आसपास गिऱ्हाइकं पाहावी लागतील.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीला ही सावधगिरी कोणी नव्यानं शिकवावी लागत नाही. पेट्री डिशवर वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजताना 30 ते 300 या दरम्यानचीच डिश धरायची असा प्रयोगशाळेतला रूढ नियम आहे. तीसपेक्षा कमी असल्या तर आकड्यावर भरवसा ठेवत नाहीत, तीनशेच्या वर गेल्या तर वसाहती एकमेकींत मिसळून मोजणी चुकते. शिवाय प्रत्येक प्रयोगासोबत काहीही न बदललेला एक नमुना तुलनेसाठी ठेवायचा असतो. मार्केटिंगमध्ये दोन जाहिरातींची तुलना करताना हेच दोन नियम लागतात आणि हेच दोन सर्रास मोडले जातात. एका पोस्टवर नऊ क्लिक, दुसरीवर सहा, म्हणून पहिली सरस असं सांगणारे अहवाल मी पगारी माणसांकडूनही घेतलेले आहेत.

आता पत्र. ते इंग्रजीत जाईल, इथं मराठीत देते.

‘आपल्या पिठाची पाकिटं साताऱ्यातल्या एका दुकानात दोन रविवारी संध्याकाळी पाहिली. पहिल्या दिवशी पाकीट हातात घेणाऱ्या 40 पैकी 14 गिऱ्हाइकांनी फुगलेलं पाकीट परत ठेवलं. फ्रिजवर खुलाशाचं कार्ड लावल्यावर 40 पैकी 9 जणांनी. एकच दुकान आणि थोडी माणसं, त्यामुळे कार्डाचा उपयोग झाला असं मी म्हणणार नाही, पण प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासण्यासारखा वाटतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे पाकीट का फुगतं आणि त्याबद्दल काय लिहिता येईल, काय नाही, हे मला माहीत आहे. जाहिरातीचं बजेट मी कधी हाताळलेलं नाही, ते शिकायचं आहे. परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संपते. त्यानंतर आठ आठवडे पुण्यात राहून पूर्ण वेळ काम करू शकेन. मोजणीचा तक्ता सोबत जोडला आहे.’

शंभराच्या आसपास शब्द. आवड हा शब्द एकदाही नाही, पण दोन रविवार दुकानात उभं राहणारीला आवड नाही असं कोण म्हणेल? अज्ञानाची कबुली एका वाक्यात आटोपली, माफी नाही. शेवटच्या तारखाही दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. इंटर्न घेणाऱ्याचा पहिला व्यावहारिक प्रश्न कधीपासून आणि किती दिवस हाच असतो, आणि विज्ञानाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स आठवडाभर पसरलेली असतात हे त्याला ठाऊक असतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: पिठाला सूक्ष्मजीवशास्त्र सोयीचं पडलं, इतिहासाच्या मुलानं काय करावं? त्यानं एखाद्या पर्यटन कंपनीच्या शंभर ग्राहक-अभिप्रायांना कागदपत्रांसारखं वाचावं. कोणी लिहिलं, सहलीनंतर किती दिवसांनी, स्वतः पाहिलेलं की ऐकीव, असं लावून पाहावं. तक्रारींचा खरा गठ्ठा वेगळाच निघू शकतो. आणि कपड्यांच्या दुकानासाठी रील्स करायच्या असतील तर विषयाला ओढूनताणून आणूच नये. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी केलेल्या रील्स जोडाव्यात आणि पदवी एका ओळीत सांगून मोकळं व्हावं. विषय प्रत्येक वेळी उपयोगी पडतोच, असं माझं म्हणणं नाही.

प्लेसमेंट सेलमधल्या प्राध्यापकांना एवढंच सांगणं आहे की यंदा पत्राचा नमुना वाटू नका. ज्या कंपनीत अर्ज करायचा तिचा माल जिथं विकला जातो त्या दुकानात मुलांना दोन तास पाठवा, आणि दुकानदाराची परवानगी आधी घ्यायला लावा.