एकाच आठवड्यात चार कामे: आधी कोणते?

जानेवारी उजाडला की अकोटच्या आमच्या ओपीडीत डोकेदुखी आणि जागरणाच्या तक्रारी घेऊन बारावीची मुले येऊ लागतात. यंदा आलेल्या एका मुलीचा रक्तदाब ठीक होता, चष्म्याचा नंबरही बदललेला नव्हता. पण ती तीनच तास झोपत होती. बुधवारी भौतिकशास्त्राचे जर्नल तपासायला द्यायचे, गुरुवारी पर्यावरणाचा प्रकल्प, शुक्रवारी रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक आणि शनिवारी गणिताची पूर्वपरीक्षा.

मी तिला प्रत्येक कामाचे तास लिहायला सांगितले. जर्नलचे चार प्रयोग बाकी होते. ती म्हणाली, "तीन तासांत होईल." मागचा एक प्रयोग लिहायला किती वेळ लागला होता? दीड तास. म्हणजे सहा तास हवेत. ही चूक सगळेच करतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध सुमारे ३४ दिवसांत होईल असे वाटले होते, प्रत्यक्षात ५५ लागले. म्हणून अंदाज मनाने नव्हे, मागच्या कामावरून बांधावा.

जर्नल सहा, प्रकल्प चार, रसायन पाच, गणित आठ, असे तेवीस तास झाले. कॉलेज, शिकवणी आणि सात तासांची झोप वजा जाता रविवारचे सहा आणि पुढच्या पाच दिवसांचे रोज तीन, म्हणजे एकवीसच तास उरत होते. दोन तास कमी पडले की मुले ते झोपेतून काढतात. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेतच होते, हे तेव्हा कोणी लक्षात घेत नाही.

आम्ही काटछाट कामात केली. जर्नलवर सही नसेल तर प्रात्यक्षिकाला बसणे अडते, म्हणून त्याला हात लावला नाही. प्रकल्पाची सजावट सोडून दोन तास वाचवले. गणिताचे एक अवघड प्रकरण बाजूला ठेवून आणखी एक तास वाचवला, तो अडीअडचणीसाठी राखला.

मग क्रम लावला. नुसत्या तारखेप्रमाणे गेले असते तर गणित शुक्रवारच्या रात्रीवर आले असते. जर्नल हे हाताचे काम आहे, ते थकल्यावरही उतरते. गणित मात्र ताज्या डोक्याने, थोडे थोडे रोज सोडवले तरच टिकते. म्हणून रविवारी, सोमवारी आणि मंगळवारी आधी गणित, रात्री जेवणानंतर जर्नल. बुधवारी प्रकल्प आणि थोडे रसायन, गुरुवारी पूर्ण रसायन, शुक्रवारी पुन्हा गणित.

दोन परीक्षा एकाच वेळी आल्या तर वेळापत्रकाने काही साधत नाही. तेव्हा शिक्षकांना आधीच, निदान चार दिवस अगोदर सांगावे. आणि परीक्षा संपल्यावरही झोप लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. लगेच डॉक्टरांकडे यावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.