जुने ग्राफिक्स कार्ड घेताना : चित्र दिसले म्हणजे कार्ड चांगले, असे नव्हे



एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा धाकटा मुलगा बारावीनंतर अ‍ॅनिमेशनचा वर्ग करतो. वर्गातले काम घरच्या संगणकावर चालत नाही, कारण त्यात ग्राफिक्स कार्ड नाही. नवे कार्ड घेण्याची ऐपत नाही. बाजारात जीटीएक्स १६६० सुपर हे जुने कार्ड आठ हजारांना मिळते आणि दुकानदार सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देतो. ताई विचारतात, "दुकानात लावून दाखवतात तेव्हा सगळे झकास दिसते. पुढे महिन्याभरात बंद पडले तर यांच्या ओव्हरटाइमचे आठ हजार पाण्यात. आतला दोष आधी ओळखता येतो का?"

बऱ्याच अंशी ओळखता येतो. मात्र दुकानात दाखवतात त्या रीतीने नाही.

पत्र्याच्या छपराला भोक आहे की नाही, हे उन्हाळ्यात कळत नाही. पाऊस पडला की कळते. ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. या कार्डावर मधोमध हिशेब करणारी मुख्य चिप असते आणि तिच्याभोवती कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या चिपा असतात. १६६० सुपरवर ही मेमरी ६ जीबी असते. दुकानात विंडोजचा पडदा दाखवतात, तेव्हा त्यातला अगदी थोडा भाग वापरात येतो आणि मुख्य चिप जवळजवळ रिकामी बसलेली असते. दोष असलाच तर तो उरलेल्या भागात, किंवा कार्ड तापल्यावर, उघडा पडतो. म्हणून आपण मुद्दाम पाऊस पाडायचा. यालाच स्ट्रेस टेस्ट म्हणतात.

या कार्डाबाबत मेमरीकडे अधिक लक्ष द्यावे, याला कारण आहे. इथेरियम या आभासी चलनाचे 'मायनिंग' ग्राफिक्स कार्डांवर चालत असे आणि त्यासाठी १६६० सुपरला मोठी मागणी होती. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत बंद केली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. मायनिंग झालेले प्रत्येक कार्ड खराब असते असे नाही. परंतु त्या कामाचा मुख्य भार मेमरीवर पडतो, आणि या कार्डात मुख्य चिपचे तापमान पडद्यावर दिसते, मेमरीचे दिसत नाही. त्यामुळे 'तापमान तर छान आहे' एवढ्यावर भुलू नये.

ताईंच्या मुलाला मी फोनवर क्रम सांगितला आणि त्याने कार्ड आणल्यावर त्याप्रमाणे तपासणी केली. ती येथे देतो.

पहिले काम ओळख पटवण्याचे. GPU-Z नावाचा छोटा मोफत प्रोग्राम उघडला की कार्डाचे नाव आणि मेमरी दिसते. बनावट कार्डावर दुसऱ्याच कार्डाचे नाव चढवलेले असेल, तर हा प्रोग्राम पुष्कळदा नावापुढे `[FAKE]` असे दाखवतो. मग `Default Clock` या ओळीत मेमरीचा वेग पाहावा. १६६० सुपरला तो 1750 MHz असतो. कार्ड दुकानदाराच्याच संगणकावर तपासत असाल तर आणखी एक खबरदारी घ्यावी. वेग खाली आणला की कमजोर मेमरीही चाचणीत तग धरते. म्हणून MSI Afterburner उघडून `Core Clock` आणि `Memory Clock` दोन्ही शून्यावर आहेत ना, `Power Limit` १०० वर आहे ना, हे पाहूनच पुढे जावे.

दुसरे काम मुख्य चिपला घाम फोडण्याचे. त्यासाठी FurMark हा प्रोग्राम आहे. पडद्यावर केसाळ कड्यासारखे चित्र फिरत राहते आणि कार्ड पूर्ण ताकदीने राबते. पंधरा मिनिटे पुरेत, तासन्‌तास चालवू नये. तापमान आधी झपाट्याने चढते आणि मग एका आकड्यावर स्थिरावते. ते साठ ते पंचाहत्तर अंशांत स्थिरावले तर उत्तम. ८३ च्या आसपास जाऊन कार्डाचा वेग पडू लागला, तर पंखे नीट फिरतात का, धूळ साचली आहे का, चिपवरचा थर्मल पेस्ट वाळला आहे का, हे पाहावे लागेल. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अनेक कंपन्यांच्या कार्डांचे पंखे थंड असताना मुद्दाम थांबलेले असतात, तो दोष नव्हे. आणि चाचणी सुरू करताच सबंध संगणकच फटकन बंद पडला, तर पहिला संशय कार्डावर न घेता एसएमपीएसवर घ्यावा. या कार्डासाठी निदान ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस लागतो.

ताईंच्या मुलाचे कार्ड ७२ अंशांवर स्थिरावले. चित्रात कुठे ठिपका नाही की रेघ नाही. दुकानदाराने दाखवली होती तीही हीच चाचणी. पुष्कळ लोक येथेच थांबतात आणि फसतात. कारण फरमार्क मुख्य चिपला राबवतो, मेमरीचा फार थोडा भाग वापरतो. छपराच्या एकाच बाजूला पाणी ओतावे तसे हे झाले.

म्हणून तिसरे काम मेमरीचे. OCCT या प्रोग्रामच्या मोफत आवृत्तीत `VRAM` नावाची चाचणी आहे. बाकीचे प्रोग्राम बंद करून, मेमरीचा ऐंशी-नव्वद टक्के भाग निवडून, ती अर्धा तास चालवावी. ही चाचणी मेमरीत ठरावीक आकडे लिहिते आणि परत वाचून पडताळते. लिहिले ते परत आले नाही की चूक मोजली जाते. येथे 'दोन-चार चुका चालायच्याच' असा हिशेब नाही. वेग वाढवलेला नसताना एक जरी चूक आली, तरी ते कार्ड नापास समजावे. मुलाने चाचणी लावली आणि चौथ्या मिनिटाला चुका मोजल्या जाऊ लागल्या. दहाव्या मिनिटापर्यंत त्या दोनशेच्या वर गेल्या.

आता डोळ्यांना काय दिसते ते पाहू. त्याने एक जड खेळ खिडकीत चालवला. वीस मिनिटांनी भिंतींवर हिरवे-गुलाबी चौकोन उमटू लागले आणि माणसांच्या आकृतीतून लांबच लांब त्रिकोणी सुळे बाहेर आले. अशा विकृत खुणांना आर्टिफॅक्ट म्हणतात. त्या पाहून दोषाचा अंदाज बांधता येतो. रंगीत चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी किंवा साऱ्या पडद्यावर सारख्या अंतराने उभ्या रेघा दिसल्या, तर संशय मेमरीवर जातो. संगणक सुरू होताना, विंडोज येण्यापूर्वीच, अशा रेघा दिसल्या तर दोष बहुधा जुना आणि खोल आहे. सुळे मात्र मेमरी बिघडली तरी येतात आणि मुख्य चिप बिघडली तरी येतात, म्हणून नुसत्या सुळ्यांवरून निवाडा करू नये. पडदा क्षणभर काळा होऊन परत येत असेल, तर विंडोजच्या Event Viewer मध्ये `nvlddmkm` हे नाव आणि 4101 हा क्रमांक शोधावा. ड्रायव्हर कोलमडून पुन्हा उभा राहिल्याची ती नोंद असते. अशी एखादी नोंद ड्रायव्हर खराब असल्यानेही होते, म्हणून ड्रायव्हर नव्याने टाकून पुन्हा पाहावे.

पण रेघ किंवा ठिपका दिसला की लगेच कार्डाला दोष देऊ नये. केबल सैल असते, मॉनिटर जुना असतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. खुणा दिसत असतानाच Print Screen ने पडद्याचे चित्र साठवावे आणि ते मोबाइलवर पाठवून तिथे उघडावे. मोबाइलवरही चौकोन दिसले तर ते कार्डातच तयार झाले आहेत. मोबाइलवर चित्र स्वच्छ आले, तर कार्डाच्या पुढची वाट, म्हणजे कार्डाचे सॉकेट, केबल किंवा मॉनिटर, तपासावी. येथे मोबाइलवरही चौकोन आलेच. त्यात मेमरीच्या चाचणीतल्या चुका धरल्या की शंका उरली नाही.

चौथे काम थंड आणि गरम आलटून पालटून पाहण्याचे. बंद पडलेल्या कार्डाच्या चिपला गरम हवा देऊन काही लोक ते तात्पुरते जिवंत करतात. सांध्यातली बारीक भेग त्याने काही काळ जुळते आणि पुढे पुन्हा उघडते. असे कार्ड एकाच बैठकीत पास होऊ शकते. म्हणून संगणक रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना सुरू करावा, चाचणी करून तापवावा, तापलेला असताना लगेच बंद करून पुन्हा सुरू करावा. हे तीन-चार दिवस करावे. सात दिवसांची मुदत त्यासाठीच वापरायची असते. कार्ड कपाटात ठेवून आठव्या दिवशी लावले तर मुदतीचा काही उपयोग नाही.

ताईंचा मुलगा पाचव्या दिवशी कार्ड घेऊन दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, "दोष तुमच्या संगणकात आहे." मुलाने वाद घातला नाही. तो म्हणाला, "काका, तुमच्या मशीनवर हीच मेमरीची चाचणी लावा, मी थांबतो." सहा मिनिटांत तिथेही चुका आल्या. दुकानदाराने कार्ड बदलून दिले. दुसऱ्या कार्डाने अर्ध्या तासाची मेमरी चाचणी तीन वेगवेगळ्या दिवशी एकही चूक न येता पार केली आणि थंड सुरुवातीतही ते अडले नाही. तेच त्याने ठेवले.

पैसे देण्यापूर्वी पावतीवर कार्डाचा अनुक्रमांक आणि 'चाचणीत दोष आढळल्यास बदलून मिळेल' एवढी ओळ लिहून घ्यावी. कार्डाच्या मागच्या स्टिकरचा फोटोही काढून ठेवावा, म्हणजे 'हे आमचे कार्डच नव्हे' असे कोणी म्हणू शकत नाही.

एक मर्यादा मात्र ताईंनी ध्यानात घ्यावी. चाचणी कार्डाची आजची प्रकृती सांगते, पुढच्या वर्षीची नाही. पंख्याचे बेअरिंग झिजणे, वीज पुरवणारा एखादा भाग अचानक जळणे, हे आधी कळत नाही. म्हणून जुन्या कार्डासाठी कर्ज काढू नये, आणि दुकानदार मेमरीची चाचणी लावू देत नसेल तर ते कार्ड तेथेच ठेवून यावे.